सरळ रेषेत काढलेला ब्रिज ओळखायचा कसा? (बारावी / सीईटी, समतुल्य रोध)

ओंकार_लातूर

नमस्कार मंडळी. क्लासच्या सराव पेपरातला एक प्रश्न आहे. आकृती इथे चिकटवता येत नाही म्हणून शब्दांत सांगतो.

एक आडवी ओळ आहे. डावीकडे टोक अ, मग 6 ओहम, मग बिंदू प, मग 5 ओहम, मग बिंदू म, मग 4 ओहम, आणि उजवीकडे टोक ब. ओळीच्या वरून अ पासून म पर्यंत एक कमान गेली आहे, तिच्यात 3 ओहम. खालून प पासून ब पर्यंत दुसरी कमान, तिच्यात 8 ओहम. अ आणि ब मधला समतुल्य रोध विचारलाय.

पर्याय: (1) 15 (2) 7 (3) 14/3 (4) 165/26

मी ओळीतले तिन्ही एकसर धरले, ते 15. दोन्ही कमानी मिळून 11. मग 15 आणि 11 समांतर, म्हणजे 165/26. पर्यायात तेच होतं म्हणून पुढे गेलो. उत्तरसूचीत (3) आहे. तिथे फक्त "संतुलित ब्रिज" एवढंच लिहिलंय. आकृतीत पतंगासारखा चौकोन कुठेच नाही, मग ब्रिज कुठून आला?

शॉर्टकट_शशी

अरे सोपं आहे. पाच रोध आणि दोन टोकं दिसली की ब्रिजच असतो. मधला 5 उडव. वरून 3 + 4 = 7, खालून 6 + 8 = 14. सात आणि चौदा समांतर, 14/3. पंधरा सेकंदांचं काम. सीईटीत 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न असतात, तिथे एवढा विचार करत बसलास तर संपलंच.

ओंकार_लातूर

दादा, पण "मधला" म्हणजे कुठला? इथे 5 ओळीच्या मध्ये आहे म्हणून तुम्ही उडवलात का? पुढच्या प्रश्नात अशाच ओळीच्या मध्ये जो रोध आहे तो उडवला तर उत्तर चुकतंय.

प्रयोगवही

ओंकार, योग्य ठिकाणी बोट ठेवलंस. कागदावर मध्ये असण्याला काही अर्थ नाही. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं हाच धडा शिकवला, आणि मुलं अडतात ती गणितात नाही, आकृतीशी अडतात. ज्याने पेपर काढला त्याने ती मुद्दाम तशी काढलेली असते. म्हणून पहिलं काम म्हणजे त्याची आकृती मोडून आपली काढणं.

आधी तुझ्या 165/26 बद्दल. दोन रोध एकसर कधी? त्यांच्या सामाईक बिंदूवर तिसरी तार नसेल तेव्हा. तुझ्या प वर तीन तारा येतात: 6 ची, 5 ची आणि खालच्या कमानीची. 6 मधून आलेला प्रवाह तिथे फुटतो, तो सगळा 5 मध्ये जात नाही. म हा बिंदूही तसाच. म्हणजे 6, 5 आणि 4 एका ओळीत काढलेले आहेत एवढंच, एकसर नाहीत. कमानींचं तर त्याहून अवघड आहे. 3 ची कमान म वर संपते, 8 ची प पासून सुरू होते. त्या दोघींचं एकही टोक सामाईक नाही, मग बेरीज कशाची केलीस?

आता वहीत असं कर. प्रत्येक बिंदूला अक्षर दे. ज्या तारेत रोध नाही तिच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर. मग आकृती हाताने झाक आणि नुसती यादी लिही:

अ–प : 6
अ–म : 3
प–म : 5
प–ब : 8
म–ब : 4

या यादीत वर-खाली, कमान-ओळ काही उरलं नाही. आता अ पानाच्या डाव्या कडेला, ब उजव्या कडेला लिही, आणि उरलेली अक्षरं मध्ये एकाखाली एक. यादीप्रमाणे रोध जोड. तुला हवा तो चौकोन समोर येईल. प आणि म यांना जोडणारा 5 हा पुलाचा रोध, कारण त्याचं एकही टोक अ किंवा ब नाही. "मधला" ओळखायची खूण हीच.

पण अजून तो उडवायचा नाही. आधी तपास: अ कडून प मार्गे 6 आणि 8, म मार्गे 3 आणि 4. 6/8 आणि 3/4 सारखेच, म्हणून संतुलित. विश्वास बसत नसेल तर अ-ब ला 14 व्होल्ट लाव आणि 5 क्षणभर काढून ठेव. प च्या वाटेवर 14 ओहम, प्रवाह 1 अँपिअर, 6 मध्ये 6 व्होल्ट पडले, प वर 8 उरले. म च्या वाटेवर 7 ओहम, प्रवाह 2 अँपिअर, 3 मध्ये 6 व्होल्ट पडले, म वरही 8. दोन्हीकडे 8 व्होल्ट, मग 5 परत जोडला तरी त्यातून प्रवाह वाहणार नाही. एकूण प्रवाह 3 अँपिअर, म्हणून रोध 14/3.

लोडसेलवाला

मी शिकवणारा नाही, वजनकाट्यांची दुरुस्ती करतो, चाकणला. प्रश्न वाचून वाटलं की तुम्हाला ब्रिजच्या कुठल्याही दोन तारांमधला रोध हवाय, म्हणून लिहितो. लोडसेलच्या आत चार गेजांचा ब्रिज असतो, बहुतेक 350 ओहमचे. बाहेर चार तारा. रंगाचा तक्ता हरवला असेल तर मल्टिमीटर लावून जोड्या शोधतो. चार तारांच्या सहा जोड्या होतात. समोरासमोरच्या दोन जोड्यांना जास्त रोध दिसतो, साधारण 350. शेजारच्या चार जोड्यांना कमी, 262 च्या आसपास. जास्तवाल्या दोन जोड्या म्हणजे पुरवठा आणि सिग्नल. त्यातही पुरवठ्याच्या जोडीत कंपनी बऱ्याचदा तापमानासाठी जादा रोध घालते, म्हणून तिथे 350 पेक्षा थोडं वर दिसतं आणि दोघींतली पुरवठ्याची कुठली तेही कळतं.

तुमच्या 5 ओहमच्या जागी आमच्याकडे काहीच नसतं, नुसता मीटर.

ओंकार_लातूर

काका, प्रश्न फक्त अ-ब बद्दलच होता, पण तुमचं वाचून नवीनच शंका आली. 262 कुठून आलं? ब्रिज तर तोच आहे ना, मग कुठल्याही दोन बिंदूंत संतुलितच राहायला हवा.

प्रयोगवही

नाही, आणि लोडसेलवाल्यांनी नकळत फार कामाची गोष्ट आणली. चारही 350 आहेत. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये मोजलं तर एक 350 थेट, आणि उरलेले तीन एकसर 1050, हे दोन समांतर. 350 गुणिले 1050 भागिले 1400, म्हणजे 262.5. त्यात संतुलनाचा काही संबंधच नाही.

संतुलन "या ब्रिजचं" नसतं, "या दोन टोकांसाठी" असतं. तुझंच जाळं घे आणि यादी तीच ठेव, फक्त टोकं बदल.

प आणि म मध्ये विचारलं तर? आता 5 थेट टोकांना जोडलेला आहे, तो उडवता येणारच नाही. अ वर आता फक्त दोन तारा, म्हणून 6 आणि 3 एकसर, 9. ब वरही दोनच, 8 आणि 4 एकसर, 12. म्हणजे 5, 9 आणि 12 तिघे समांतर: 180/71, सुमारे 2.54.

अ आणि प मध्ये विचारलं तर? 6 थेट. दुसऱ्या वाटेने आधी 3, मग म पासून प पर्यंत 5 आणि 12 समांतर. उत्तर 222/71, सुमारे 3.13.

एकच आकृती आणि तीन उत्तरं. पेपर काढणारे "प आणि म मधील" असं लिहून मोकळे होतात आणि मुलं सवयीने 5 उडवतात.

शॉर्टकट_शशी

मॅडम, पटलं. पण परीक्षेत शंभरातल्या नव्वद वेळा टोकंच विचारतात आणि ब्रिज संतुलितच असतो. मुलांना तो नियम पुरतो.

ओंकार_लातूर

दादा, उरलेल्या दहातला एक हा घ्या. त्याच पेपरात पुढचा प्रश्न आहे. आकृती तीच, फक्त म–ब मध्ये 4 ऐवजी 6. पर्याय: (1) 126/23 (2) 38/7 (3) 1314/241 (4) 9

शॉर्टकट_शशी

5 उडव. 14 आणि 9 समांतर. 126/23. पर्याय (1).

विक्रम_आकडेमोड

शशी, 6/8 आणि 3/6 सारखे आहेत का? संतुलन नाही, म्हणून 5 मधून प्रवाह वाहतोय. (1) हा पर्याय अगदी तुमच्यासारख्यासाठीच ठेवलाय.

पण इथे एक गंमत आहे आणि ती मला उत्तरापेक्षा जास्त आवडते. जाळ्यातला कुठलाही एक रोध वाढवला तर टोकांमधला समतुल्य रोध वाढतो किंवा तसाच राहतो, कमी कधीच होत नाही. उडवणं म्हणजे तो अनंत करणं. त्यामुळे 5 उडवून आलेलं उत्तर ही वरची मर्यादा. उलट त्याच्या जागी नुसती तार टाकली तर खालची मर्यादा मिळते: प आणि म एकच बिंदू झाले, 6 आणि 3 समांतर म्हणजे 2, 8 आणि 6 समांतर म्हणजे 24/7, बेरीज 38/7.

126/23 म्हणजे 5.478. 38/7 म्हणजे 5.429. खरं उत्तर या दोन्हींच्या काटेकोर मध्ये आहे. 1314/241 म्हणजे 5.452. बाकी तिन्ही बाद. किरचॉफ नाही, काही नाही.

आणि पहिल्या प्रश्नात हेच करून बघा. तारेने जोडलं तर 6 आणि 3 समांतर 2, 8 आणि 4 समांतर 8/3, बेरीज 14/3. उडवलं तरी 14/3. दोन्ही मर्यादा एक झाल्या, म्हणजे मधल्या रोधाला काही बोलायला जागाच राहिली नाही. संतुलनाची हीच माझी व्याख्या.

प्रयोगवही

विक्रम, याचा प्रयोग बारावीच्या मुलांच्या वहीत असतोच! मीटर ब्रिजवर केल्विनच्या पद्धतीने गॅल्व्हानोमीटरचा रोध काढतो तेव्हा गॅल्व्हानोमीटर पुलावर नसतो, तो एका बाहूत असतो, आणि एरवी त्याची जी जागा, तिथे जॉकी. जॉकी तारेवर टेकवायची आणि उचलायची. काटा आधीपासून विचलित असतोच, शून्यावर आणायचा नसतो. टेकवली काय, उचलली काय, काटा जिथे आहे तिथून हलला नाही की तो बिंदू संतुलनाचा. तार टाकली किंवा उडवली तरी फरक नाही, हे तुमचं वाक्य तिथे डोळ्यांनी दिसतं. मुलं मात्र शून्य शोधत बसतात आणि "मॅडम, काटा शून्यावर येत नाही" म्हणतात.

तरी एक सांगते. मर्यादा वापरून पर्याय गाळणं ठीक, पण आकृती मोडून यादी केल्यानंतर. ओंकारने पहिल्या प्रश्नात 165/26 पर्यायात दिसताच पेन खाली ठेवलं. चुकीच्या मार्गाने येणारी उत्तरं पर्यायांत असतातच, म्हणून "पर्यायात सापडलं" हा पुरावा नाही.

विक्रम_आकडेमोड

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. पहिल्या प्रश्नात पर्यायांकडे आधीच बघितलं असतं तर? अ पासून 3 मधून म, आणि 4 मधून ब, ही 7 ओहमची एक वाट नुसत्या नजरेने दिसते. बाकी सगळं त्या वाटेला जोडलेलं आहे, म्हणून उत्तर 7 पेक्षा कमीच हवं. 15 आणि 7 दोन्ही गेले. उरले दोन. आता 6 आणि 8 ची वाट दिसली तर 14/3 ही वरची मर्यादा, 165/26 म्हणजे 6.3, तोही गेला. यादी करायची गरजच पडली नाही. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, वेळ मात्र कापला जातो.

प्रयोगवही

तुम्हाला ती 7 ची वाट दिसली कारण तुमच्या डोक्यात यादी आपोआप होते. ज्याला कमान आणि ओळ यांतच अडकायला होतं त्याला ती वाट आधी दिसणारच नाही. असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

ओंकार, 1314/241 खरंच कसं येतं तेही बघून ठेव. एकदा हाताने काढलंस की मर्यादांवर विश्वास बसेल. अ, प, म हा त्रिकोण: 6, 3 आणि 5, बेरीज 14. त्याचा स्टार कर. अ कडच्या पायात 6 × 3 ÷ 14 म्हणजे 9/7. प कडे 6 × 5 ÷ 14 म्हणजे 15/7. म कडे 3 × 5 ÷ 14 म्हणजे 15/14. आता प कडचा पाय 8 शी एकसर झाला: 71/7. म कडचा 6 शी: 99/14. हे दोन समांतर, आणि त्यात 9/7 मिळवायचे. 5.452 येतं की नाही बघ.

ओंकार_लातूर

आलं. पण यात पाच मिनिटं गेली.

मॅडम, तुमची यादी करून आणखी एक सोडवला, बरोबर आहे का सांगा. सहाच्या वर रोध होते म्हणून आधी घाबरलो होतो. यादी अशी:

अ–प : 4
प–ब : 8
अ–म : 10
अ–म : 15
प–म : 11
म–न : 9
न–ब : 3

अ–म दोनदा आलं, म्हणून 10 आणि 15 समांतर, 6. न हे अक्षर यादीत दोनदाच आलंय, म्हणजे तिथे तिसरी तार नाही, 9 आणि 3 एकसर, 12. आता 4/8 आणि 6/12 सारखे. 11 उडवला. 12 आणि 18 समांतर, 7.2.

प्रयोगवही

बरोबर. आणि तू यादीतून जोडण्या ओळखल्यास हे जास्त आवडलं: अक्षरांची जोडी दोनदा आली की समांतर, टोक नसलेलं अक्षर दोनदाच आलं की एकसर. आकृतीकडे बघावंही लागलं नाही. हे आवरून झाल्याशिवाय संतुलन तपासायचं नाही, कारण 4/8 ची तुलना तू 10/9 शी केली असतीस तर ब्रिज असंतुलित म्हणून सोडून दिला असतास.

त्याच पेपरात न पासून प कडे एखादी तार काढलेली असेल तर मात्र 9 आणि 3 एकसर राहणार नाहीत. तेव्हा न तीनदा येईल.

लोडसेलवाला

मॅडम, आमच्याकडे संतुलन कधीच पूर्ण नसतं. रिकाम्या काट्यालासुद्धा थोडे मिलिव्होल्ट असतातच, ते इंडिकेटर शून्य म्हणून लक्षात ठेवतो. वजन ठेवलं की गेज ताणले जातात, रोध ओहमच्या दशांशात बदलतो आणि तेवढ्यावरच आमचं पोट आहे. 350 चे चारही हुबेहूब 350 असते तर बरं झालं असतं.

साक्षी_नीट

मध्येच विचारते, रागावू नका. पुलावरच्या रोधाबरोबर एक सेल असेल तरी संतुलित ब्रिजमध्ये ती फांदी उडवायची का? आमच्या सरांनी "संतुलित असेल तर प्रवाह शून्य" एवढंच लिहून दिलंय.

शॉर्टकट_शशी

प्रवाह शून्य, उडवायची.

विक्रम_आकडेमोड

उडवायची नाही. प आणि म चे विभव सारखे झाले म्हणून 5 मधून प्रवाह नव्हता. आता तिथे सेल बसला की तो स्वतःच प्रवाह ढकलेल.

ओंकारचा पहिलाच ब्रिज घ्या, अ-ब ला 14 व्होल्टची बॅटरी, अंतर्गत रोध शून्य. पुलावर 5 ओहमबरोबर 2 व्होल्टचा सेल. सेलच्या बाजूने बघा, मुख्य बॅटरीच्या जागी तार समजून: 6 आणि 8 समांतर 24/7, 3 आणि 4 समांतर 12/7, दोन्ही मिळून 36/7, अधिक 5, एकूण 71/7. पुलावरचा प्रवाह 14/71, म्हणजे जवळपास 0.2 अँपिअर. शून्य नाही.

पण संतुलनाचा परिणाम दुसरीकडे दिसतो. या सेलमुळे मुख्य बॅटरीतला प्रवाह बदलत नाही, तो 3 अँपिअरच राहतो. चार बाहूंमधले प्रवाह मात्र बदलतात.

साक्षी_नीट

मुख्य बॅटरीतला का नाही बदलत? सेल तर अ आणि ब दोन्हीकडे प्रवाह पाठवतोय ना?

प्रयोगवही

साक्षी, प-म ही टोकं आणि अ-ब हा पूल असं समजून तीच यादी पुन्हा काढ. अ-प 6 आणि अ-म 3, ब-प 8 आणि ब-म 4. सेलच्या नजरेने 6/3 आणि 8/4. ते सारखे आहेत का, आणि मग अ आणि ब चे विभव काय होतील, तू लिही.

साक्षी_नीट

6/3 = 2, 8/4 = 2. म्हणजे सेलसाठी अ-ब हाच पूल, आणि तोही संतुलित! थांबा, पण मुख्य बॅटरीला अंतर्गत रोध असेल तर?

विक्रम_आकडेमोड

तरी तोच निकाल. सेलपुरतं बघताना अ-ब च्या जागी तार ठेवा नाहीतर काहीच ठेवू नका: काही न ठेवता 9 आणि 12 समांतर, तेही 36/7 च येतं. म्हणून अंतर्गत रोध कितीही असला तरी सेल त्यातून प्रवाह पाठवत नाही. फक्त मुख्य बॅटरीचा स्वतःचा प्रवाह त्या रोधाने कमी होईल.

शॉर्टकट_शशी

बरं, आणि पुलावर सेलऐवजी कपॅसिटर असेल तर उडवायचा की नाही? तो तरी उडवू द्या.

प्रयोगवही

कपॅसिटर पूर्ण भारित झाल्यावर उडव, शशी, तेव्हा ब्रिज संतुलित नसला तरी चालेल. पण त्यावरचा भार विचारला तर असंतुलित ब्रिजमध्ये प आणि म चे विभव काढावेच लागतील.